पडवीतल्या दुकानाची नोटीस

"मी डोंबिवलीला असते. वेंगुर्ले तालुक्यात आमचं घर आहे. रस्त्याकडची पडवी भिंत घालून वडिलांनी खोली केली आणि अकरा वर्षांपूर्वी एकाला तोंडी भाड्याने दिली. तो तिथे काजू फोडून, पाकिटं भरून विकतो. भाडं महिना २,२०० रुपये, नियमित येतं. वडील गेल्यापासून ते आईच्या मोबाइलवर जमा होतं. आता भावाला गावी जाऊन तिथेच खानावळ काढायची आहे. गणपतीत सांगितलं तर म्हणाला, 'बघूया, घाई काय हा?' मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की कारखान्याला सहा महिन्यांची नोटीस लागते, आणि बारा वर्षं झाली की जागा त्याचीच. गावातले म्हणतात, कूळ लागेल. चुलतभाऊ म्हणतो, शिमग्याला तो गावी गेला की कुलूप घालू. आम्ही नोटीस कशी द्यावी?"

ताई, कुलपाचा बेत आधी मोडून काढा. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ असं सांगतं की, कायद्याच्या मार्गाखेरीज कुणाला जागेतून बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न कोर्ट बघतच नाही. ताबा कुणाचा होता आणि तो जबरदस्तीने काढला का, एवढंच बघतं. म्हणजे घर तुमचं असूनही खोली त्याला परत मिळेल आणि पुढच्या प्रत्येक तारखेला तुमची बाजू आधीच कलंडलेली असेल. वीज तोडणं, नळ बंद करणं हेही त्याच पंक्तीतलं. पोलिसांकडे जाऊनही काही होणार नाही, कारण खोली खाली करून देणं हे त्यांचं काम नव्हे.

आता तुम्हाला लागू होणारा कायदा कुठला, ते ठरवू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. पण तो राज्यभर सरसकट नाही. त्याच्या अनुसूचींत आलेल्या किंवा सरकारने नंतर अधिसूचना काढून जोडलेल्या भागांतच तो चालतो. तुमचं गाव त्यात येत असेल तर नुसत्या नोटिशीने काहीच साधत नाही. त्या कायद्यात भाडेकरूला काढायला ठरावीक कारण लागतं आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. भावाची खानावळ हे 'स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेचं' कारण म्हणून कलम १६ खाली मांडता येईल, पण मग जास्त त्रास कुणाला होईल, तुम्हाला की त्याला, हेही कोर्ट तोलून बघतं. गाव अनुसूचीबाहेर असेल तर मामला बराच सोपा होतो. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो आणि कारण सांगण्याचीही गरज नसते. वेंगुर्ल्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा कुठलाही वकील गावाचं नाव ऐकून हे सांगेल. मात्र जवळच्या गावाची नगरपंचायत झाली म्हणून कायदा लागलाच, किंवा आपली ग्रामपंचायत म्हणून लागलाच नाही, असं स्वतःच धरून चालू नका. पुढचं सगळं तुमचं गाव अनुसूचीबाहेर आहे असं धरून लिहितो.

त्याच्या सहा महिन्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ म्हणतं की लेखी करार नसेल, तर शेतीसाठी किंवा उत्पादनासाठी दिलेली जागा वर्षावर्षाची समजायची आणि तिला सहा महिन्यांची नोटीस द्यायची. बाकी सगळ्या जागा महिन्यामहिन्याच्या, आणि त्यांना पंधरा दिवसांची नोटीस. काजू फोडणं म्हणजे उत्पादन की नाही, यावर दोन वकील दिवसभर भांडू शकतील. पण त्याच कायद्याचं कलम १०७ सांगतं की वर्षावर्षाचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. तुमच्याकडे दस्तच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हेच जुळवून सांगितलं, की नोंदणीकृत दस्त नसेल तर उत्पादनासाठी दिलेली जागासुद्धा वर्षावर्षाची धरता येत नाही. ती महिन्याचीच राहते आणि पंधरा दिवसांची नोटीस पुरते.

बारा वर्षांचं म्हणाल, तर भाडेकरू हा परवानगीने बसलेला माणूस. तो दर महिन्याला भाडं देतो, म्हणजे दर महिन्याला तुम्हाला मालक मानतो, आणि ज्याच्याकडून जागा घेतली त्याचीच मालकी नाकारायला कायदा त्याला मुभा देत नाही. बारा वर्षांचा हिशेब आहे खरा, पण तो वेगळा आहे. मुदत कायद्याप्रमाणे भाडेकरूकडून ताबा मागण्याचा दावा भाडेकरार संपल्यापासून बारा वर्षांत लावायचा असतो. म्हणजे घड्याळ तुमच्या नोटिशीने सुरू होतं. नोटीस पाठवून डोंबिवलीला निवांत बसून राहिलात, तर मात्र ते तुमच्याविरुद्ध चालू लागेल.

कुळाची भीती आपल्याकडे प्रत्येक घरात आहे आणि कुळं जमिनीची मालक ठरली त्या १ एप्रिल १९५७ च्या आठवणी अजून ताज्या आहेत, म्हणून कुणाला दोष देत नाही. पण १९४८ चा कूळकायदा शेतजमिनीचा आहे. पडवीत काजूची पाकिटं भरणाऱ्याला त्याने कूळ करता येत नाही. फक्त एक बघा. तो परसातल्या माडांना पाणी घालतो का, कलमांचे आंबे उतरवतो का, त्याबद्दल वाटा किंवा पैसे देतो का? असं असेल तर जमिनीचा विषय निराळा काढून आधी वकिलाला दाखवा. नोटिशीत 'घर व लगतची बाग' असं चुकूनही लिहू नका. मोजकं बोला, खोलीपुरतं.

नोटीस कुणाच्या नावाने जायची, हा आपल्याकडचा खरा अडसर. घरपट्टीच्या उताऱ्यावर बहुतेक अजून आजोबांचंच नाव असेल. वडील गेल्यावर वारस म्हणून भाडं तुम्ही घेत आलात, त्यामुळे तुम्ही घरमालक आहात यात शंका नाही. एक सहहिस्सेदारही, इतरांची हरकत नसेल तर, नोटीस देऊ शकतो. पण हरकत निघायची ती नेमकी दावा लावल्यावर निघते. तेव्हा आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांनी सही करा. चुलतभावाचा घरात हिस्सा असेल तर त्याचीही सही घ्या. कुलूप घालायला जो उत्साह आहे तो इथे उपयोगी पडेल.

मजकूर असा करा. वकिलाच्या कागदावरच पाहिजे असं नाही, साध्या कागदावर चालतो.

प्रति, श्री. (पूर्ण नाव), राहणार (घरचा पत्ता), तसेच (दुकानाचा पत्ता).

विषय: भाडेकरार संपुष्टात आणून रिकामा ताबा मागण्याबाबत.

मौजे (गाव), ता. वेंगुर्ले येथील ग्रामपंचायत घर क्रमांक (…) मधील रस्त्याकडची, सुमारे (…) फूट लांब व (…) फूट रुंद खोली, जिच्या पूर्वेस रस्ता, पश्चिमेस आमचे माजघर, दक्षिणेस (…) व उत्तरेस (…) आहे, ती आमचे वडील कै. (…) यांनी आपणास तोंडी, महिना-महिना भाड्याने दिली. भाडेमहिना दर इंग्रजी महिन्याच्या १ तारखेस सुरू होऊन अखेरीस संपतो. भाडे दरमहा २,२०० रुपये आहे. वडिलांच्या निधनानंतर आम्ही त्यांचे वारस म्हणून आपणाकडून भाडे घेत आहोत.

हा भाडेकरार आम्ही या नोटिशीने संपुष्टात आणत आहोत. तो फेब्रुवारीअखेर, किंवा ही नोटीस आपणास मिळाल्यापासून पंधरा दिवस पूर्ण झाल्यानंतर जो भाडेमहिना संपेल त्याच्या अखेरीस, यांपैकी जे नंतर येईल त्या दिवशी संपेल. त्या दिवशी खोलीतील आपला सर्व माल, यंत्र व सामान काढून, कोणाही तिऱ्हाइतास आत न ठेवता, रिकामा व शांततापूर्ण ताबा किल्ल्यांसह आमच्या स्वाधीन करावा.

त्यानंतर आपण जागेत राहिल्यास आपला वापर बेकायदा ठरेल व त्याबद्दल नुकसानभरपाई आकारली जाईल. त्यानंतर आपणाकडून आलेली कोणतीही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर वापराची भरपाई म्हणून, आमचे हक्क राखून स्वीकारली जाईल.

तारीख, ठिकाण, सह्या.

'संपुष्टात आणत आहोत' या शब्दांवर या कागदाचा सगळा भार आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती नोटिशी 'कृपया खोली खाली करावी ही विनंती' असं म्हणतात किंवा 'भाडं पाच हजार करा, नाहीतर जागा सोडा' असं. पहिलीत करार संपवल्याचं कुठेच नसतं. दुसरी तर सरळ भाववाढीची बोलणी आहे, आणि कोर्टात ती तशीच वाचली जाते. खानावळीचं कारण मी मुद्दाम घातलेलं नाही. या कायद्यात कारण लागत नाही, आणि लिहिलंत तर ते खरं की खोटं यावरच सहा तारखा जातील. थकबाकी नाही, तर तीही उगाच घालू नका.

तारखेचं गणित नीट समजून घ्या. पूर्वी नोटीस भाडेमहिन्याच्या अखेरीलाच संपायला हवी असायची आणि एका दिवसाच्या चुकीने दावे पडायचे. ३१ डिसेंबर २००२ पासून कलम बदललं. आता पंधरा दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात, आणि नोटिशीत मुदत कमी पडली तरी पूर्ण मुदत उलटल्यावर दावा लावला असेल तर तेवढ्यावरून नोटीस बाद होत नाही. तरीही मी महिनाअखेरच धरतो, म्हणजे वाद घालायला जागाच उरत नाही. समजा पत्र २ जानेवारीला टाकलंत आणि त्याला ९ ला मिळालं. मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं तर पंधरा दिवस २४ जानेवारीला भरतात. कायद्याने जानेवारीअखेरही चालली असती, पण तुमच्या नोटिशीत फेब्रुवारीअखेर आहे, ती कायम राहते. त्याने टाळाटाळ करून २० जानेवारीला घेतलं तर पंधरा दिवस ४ फेब्रुवारीला भरतात, तरीही फेब्रुवारीअखेर तशीच. पत्र फिरत फिरत १५ फेब्रुवारीला मिळालं, तर मात्र पंधरा दिवस मार्चमध्ये भरतील आणि 'जे नंतर येईल' या शब्दांमुळे तारीख आपोआप ३१ मार्च होईल. नवं पत्र काढावं लागणार नाही.

फेब्रुवारीअखेर निवडण्याचं कारण काजूतच आहे. हंगाम फेब्रुवारी-मार्चला धरतो. त्याआधी पत्र हातात पडलं तर तो नवी बी दुसरीकडे उतरवील. गोणी एकदा खोलीत रचल्या गेल्या की त्या फोडून संपेपर्यंत कुणी हलत नाही, आणि मग पाऊस लागतो. तुम्हाला एक महिना जास्त दिल्याचं वाटेल, पण त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ही मुदत वाजवी आहे आणि पुढे कोर्टासमोर तशी दिसणं तुमच्याच फायद्याचं आहे.

पाठवायची कशी? कलम १०६ ने मार्ग सांगितले आहेत. पोस्टाने, किंवा त्याच्या हातात, किंवा त्याच्या राहत्या घरी घरातल्या माणसाकडे वा नोकराकडे. यातलं काहीच जमलं नाही तर जागेच्या ठळक भागावर चिकटवून. व्हॉट्सॲप यात नाही. त्यावर फोटो जरूर पाठवा, निळ्या खुणा जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. आणि हे बघा, कलमात 'राहत्या घरी' असं आहे. दुकानात काजू सोलणाऱ्या बाईच्या हातात पाकीट देऊन आलात तर ते पक्कं नाही. पोस्टाने दोन्ही पत्त्यांवर पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर नोंदणी आणि पोच दोन्ही हवं असं स्पष्ट सांगा, पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं तर हिरमुसू नका. पत्ता बरोबर असेल तर नाकारलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं. ते पाकीट फोडू नका, बंदच कोर्टात दाखवायचं असतं. 'पत्ता अपुरा' असा शेरा आला तर मात्र चूक तुमची, पुन्हा पाठवा.

नोटिशी बिघडतात त्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत. आईच्या मोबाइलवर १ मार्चनंतर पुन्हा २,२०० येतील, सोबत 'मार्चचे भाडे' असा संदेश. आई सवयीने 'मिळाले, धन्यवाद' लिहितील. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ११३ सांगतं की नोटिशीची मुदत संपल्यानंतरच्या काळाचं भाडं घेतलं आणि त्यातून करार चालू ठेवायचा हेतू दिसला, तर नोटीस सोडून दिली असं धरता येतं. नुसते पैसे जमा झाले म्हणून तसं होत नाही, न्यायालयांनी हे अनेकदा सांगितलंय, पण 'धन्यवाद'चा स्क्रीनशॉट त्याच्या वकिलाच्या फार कामाचा असतो. म्हणून आईंना आधीच बसवून समजावून सांगा. जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं उशिरा, मार्चमध्ये आलं तरी घ्यायला हरकत नाही, फक्त 'फेब्रुवारीचे' असं लिहून पोच द्या. मार्चपासूनचं आलं तर त्याच दिवशी उत्तर पाठवा: "ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर दि. … च्या नोटिशीप्रमाणे वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून घेतली." दर महिन्याला हेच.

दुसरी चूक म्हणजे पुन्हा नोटीस काढणं. मार्च उलटला, तो हलला नाही, म्हणून 'आता शेवटची संधी, ३० एप्रिलपर्यंत खोली सोडा' असं कळवलंत, की पहिली नोटीस सोडून दिल्यासारखं होतं. कलमाखाली दिलेलं उदाहरणच हे आहे. आठवण करायचीच असेल तर 'पूर्वीची नोटीस कायम ठेवून' असं स्पष्ट लिहा आणि नवी तारीख देऊ नका.

मुदत संपल्यावर दोन वाटा आहेत. एक, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात ताबा आणि भरपाईचा दावा. त्यात वेळ जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुसरी वाट मला तुमच्यासाठी जास्त बरी वाटते, कारण माणूस भाडं बुडवणारा नाही, फक्त टोलवाटोलवी करणारा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून, दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे 'मे अखेरीस खोली सोडतो' असं त्याने कबूल केलं आणि तसा निवाडा झाला, तर त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचंच बळ असतं. मग तो फिरला तर नव्याने दावा लावावा लागत नाही, थेट अंमलबजावणी मागता येते. तेच दोघांत साध्या कागदावर लिहून घेतलंत आणि त्यात 'तोपर्यंत भाडे देईन' असं आलं, तर हातात उरतो तो नवा भाडेकरार.

ताबा घ्यायला भावाने स्वतः जावं. रिकामा ताबा म्हणजे किल्ली मिळाली एवढंच नव्हे. कोपऱ्यात काजू फोडायचं यंत्र, वर माळ्यावर गोणपाटं ठेवून 'नंतर नेतो' म्हणाला, तर ताबा झालेला नाही. आत कुणाला पोटभाड्याने बसवलं नाही ना, तेही बघा. दोन साक्षीदारांसमोर ताबापावती करा: तारीख, किती किल्ल्या, खोली रिकामी मिळाली, सामान काही राहिलं नाही, देणं-घेणं उरलं नाही. अनामत घेतली असेल तर ती त्याच वेळी परत देऊन त्या पावतीतच नोंदवा. मीटरचं वाचन लिहून घ्या, आणि वीजजोडणी त्याच्या नावाने असेल तर महावितरणकडे नाव बदलण्याच्या अर्जावर त्याची सही त्याच बैठकीत घ्या.